सगळ्यात स्वादिष्ट मोदक

गणपतीला तीन आठवडे होते. शेजारच्या वहिनी मोबाइल हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एवढं बघून द्या. शब्द चुकला तर लोक हसतात." उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या आणि सोसायटीत अमराठी कुटुंबं बरीच, म्हणून मजकूर इंग्रजीत केला होता. तो असा: "अवर मोदक्स आर मोअर टेस्टिअर अँड मोअर चीपर दॅन मार्केट. मोस्ट फ्रेशेस्ट कोकोनट. फॉर फिफ्टी पीसेस रेट इज मच मोअर बेटर. मोअर बिगर बॉक्सेस ऑल्सो अव्हेलेबल."

चार वाक्यं आणि पाच ठिकाणी 'मोअर' नाहीतर 'मोस्ट'. मी मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे पाचही ठिकाणी फुली मारायला हात शिवशिवला. चार ठिकाणी ती मारलीही. पाचव्या ठिकाणी थांबावं लागलं, त्याचं कारण पुढे येईलच.

शाळेतला नियम आठवत असेल. इंग्रजी विशेषणाला तुलना दाखवायच्या दोन वाटा असतात. शब्द आखूड असेल तर त्याच्या शेपटीला 'अर' लागतो आणि सगळ्यांत वरचढ दाखवायचं असेल तर 'एस्ट' लागतो: चीप, चीपर, चीपेस्ट. शब्द लांब असेल तर तो तसाच ठेवून पुढे 'मोअर' किंवा 'मोस्ट' उभा करायचा: मोअर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल. 'टेस्टी', 'ईझी' असे 'ई'त संपणारे दोन उच्चारांचे शब्द पहिल्या वाटेनं जातात. 'सिम्पल', 'नॅरो', 'क्लेव्हर' यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. 'गुड' आणि 'बॅड' हे हट्टी, ते मूळ रूपच टाकून देतात आणि 'बेटर', 'वर्स' अशी वेगळीच रूपं घेतात. वाट कोणतीही धरा, एका वेळी एकच धरायची. वहिनींनी दोन्ही धरल्या.

मला त्यात रस वाटला तो चुकीपेक्षा ती इतकी सर्रास का होते यात. व्हॉट्सअ‍ॅपवर, दुकानाच्या फळ्यावर, नोकरीच्या अर्जात, वाढदिवसाच्या शुभेच्छांत 'मोअर बेटर', 'मोस्ट फास्टेस्ट', 'मोअर ईझिअर' दिसतातच. लिहिणाऱ्याला नियम ठाऊक नसतो असंही नाही. वहिनींना विचारलं, "चीपचं तुलनेचं रूप काय?" त्यांनी क्षणात 'चीपर' सांगितलं. माहीत आहे, तरी मागे 'मोअर' येतोच.

याचं एक कारण आपल्या मराठीत आहे. आपण म्हणतो, 'बाजारापेक्षा स्वस्त'. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'वर पडतो आणि तो चिकटतो बाजाराला. 'स्वस्त' जसा होता तसाच राहतो. 'सगळ्यात स्वस्त' म्हटलं तरी विशेषणाच्या अंगाला काही लागत नाही. मराठी माणसाच्या कानाला तुलना ही विशेषणाच्या बाहेर, वेगळ्या शब्दात ऐकायची सवय. 'फास्टेस्ट'मधला 'एस्ट' त्याला दिसतो, पण ऐकू येत नाही. तो 'फास्टेस्ट' हा एक अखंड शब्द म्हणून शिकलेला असतो, अर्थ साधारण 'वेगवान'. मग 'सगळ्यात' कुठे गेलं? ते लावायला हवं, म्हणून 'मोस्ट'.

दुसरं कारण वहिनींच्या तिसऱ्या वाक्यात आहे. "मच मोअर बेटर म्हणजे तुम्हाला काय म्हणायचं होतं?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, नुसतं चांगला नाही. पन्नास घेतले तर कितीतरी चांगला." म्हणजे त्यांचा 'मोअर' तुलनेचा नव्हताच. तुलना 'बेटर'नं केलीच होती. तो 'मोअर' होता 'कितीतरी' किंवा 'आणखी'चा. तुलना झाल्यावर तिच्यावर जोर द्यायचा असेल तर काय करायचं हे शाळेत जवळजवळ शिकवलंच जात नाही, म्हणून हाताशी असलेला एकमेव शब्द माणूस तिथे ठोकतो. इंग्रजीत या कामाला 'मच', 'फार', 'इव्हन' आणि बोलीत 'अ लॉट' आहेत. 'मच बेटर' म्हणजे कितीतरी चांगलं, 'इव्हन बेटर' म्हणजे त्याहूनही चांगलं. 'एस्ट'वाल्या रूपावर जोर द्यायला 'बाय फार' येतो: 'बाय फार द फास्टेस्ट', म्हणजे बाकीच्यांना बरंच मागे टाकून सगळ्यात वेगवान. एवढे तीन-चार शब्द हाताशी असले तर निम्मे 'मोअर बेटर' आपोआप गळतात. नुसती 'मोअर' काढण्याची सूचना मात्र टिकत नाही, कारण लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते त्या 'मोअर'बरोबर निघून जातं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा आणून बसवतो.

तिसरं कारण फोनवर लिहिणाऱ्यांत दिसतं आणि त्यात इंग्रजीच ज्यांची मातृभाषा ते लोकही सापडतात. आधी 'मोअर कन्व्हीनिअंट' लिहिलं. शब्द जड वाटला, म्हणून 'कन्व्हीनिअंट' खोडून 'ईझिअर' घातला. 'मोअर' तसाच राहिला. बोलताना तर हे आणखी सहज होतं. 'मोअर' तोंडातून सुटतो तेव्हा पुढचं विशेषण अजून ठरलेलं नसतं.

पण ही मराठी माणसाची किंवा घाईत लिहिणाऱ्याची खोड म्हणून सोडून देता येत नाही, कारण एकेकाळी इंग्रजीतले मोठमोठे लोक हेच करत होते. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, तुलनेची एकच वाट होती, शेपटीची. शब्द लांब असो की आखूड, प्रत्यय लागायचाच. 'मोअर' आणि 'मोस्ट' पुढे उभे करण्याची पद्धत तेराव्या शतकापासून दिसू लागते आणि चौदाव्यात फोफावते. दोन पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्यावर त्या एकमेकींत मिसळणारच. काही शतकं 'मोअर' आणि 'अर' एकाच शब्दावर एकत्र आलेले दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

१५९९ च्या सुमाराच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात सीझरच्या प्रेतापाशी मार्क अँटनीचं भाषण आहे. झग्याला पडलेली भोकं दाखवत तो ब्रूटसच्या वारापाशी येतो आणि 'अनकाइंड' या शब्दाला एकाच वेळी 'मोस्ट'ही लावतो आणि 'एस्ट'ही. आजच्या शिक्षकानं तिथे लाल शाई वापरली असती. पण त्या जागी ते दुहेरी रूप काय काम करतं ते पाहा. बाकीच्यांचे वार क्रूर होतेच, हा क्रूरांतला क्रूर, जिवलगाचा. एका प्रत्ययात ते मावलं नसतं. 'टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्परोच्या तोंडी चक्क 'मोअर बेटर' आहे. शेक्सपिअरचा समकालीन बेन जॉन्सन यानं इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. त्यात त्यानं या दुहेरी रूपांना चूक म्हटलेलं नाही. उलट प्राचीन ग्रीकांच्या वळणावर गेलेली ही वक्तृत्वाची ऐट आहे, जोर यावा म्हणून करतात, असं त्याचं मत. गंमत म्हणजे हे सांगणाऱ्या वाक्यातच त्यानं 'एन्शंट'ला 'मोस्ट' आणि 'एस्ट' दोन्ही लावून ठेवलेत.

मग चक्र फिरलं. १७५५ च्या कोशात सॅम्युएल जॉन्सननं 'लेसर' या शब्दाला रानटी म्हटलं. 'लेस' हाच तुलनेचा शब्द आहे, त्याला पुन्हा 'अर' कशाला, हा त्याचा आक्षेप, आणि तर्काला तो बरोबरच आहे. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या पाद्र्याचं छोटं व्याकरण आलं आणि ते खूप चाललं. त्यानं दुहेरी तुलना अयोग्य ठरवली. छापील, शिष्ट इंग्रजीतून ती त्याआधीच ओसरू लागली होती. लाउथनं दार लावून घेतलं, एवढंच. मात्र त्यानं एक खिडकी उघडी ठेवली. बायबलातल्या स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात देवासाठी 'मोस्ट हायेस्ट' असा प्रयोग आहे. जो उच्चांहून उच्च त्याला ते शोभतं, असा त्याचा निवाडा. म्हणजे नियम माणसांना, देवाला सूट. पाद्रीच तो.

जॉन्सनच्या रागाचा 'लेसर'वर काही परिणाम झाला नाही. तो आजही धडधाकट आहे, 'लेसर ईव्हिल'सारख्या शब्दांत शिष्टांच्या लेखणीतून उतरतो. त्याचाच भाऊ 'वर्सर' मात्र हद्दपार झाला. व्याकरणाचा न्याय असा, एकाच गुन्ह्याला एक सुटतो आणि दुसरा लटकतो.

अशी सुटलेली आणखी मंडळी इंग्रजीत बिनधास्त फिरतात. 'निअरर' म्हणजे अधिक जवळ. पण 'निअर' हाच मुळात तुलनेचा शब्द होता. जुनी साखळी 'नाय, निअर, नेक्स्ट' अशी होती: जवळ, अधिक जवळ, सर्वांत जवळ. काळाच्या ओघात 'निअर'चा अर्थ नुसता 'जवळ' एवढाच उरला, म्हणून लोकांनी त्याला नव्यानं 'अर' लावला. म्हणजे 'निअरर' हा इतिहासानं 'मोअर बेटर'चाच सख्खा. 'फोरमोस्ट'चं आणखी मजेदार. 'फोर्मा' या जुन्या शब्दाचा अर्थच 'सर्वांत पहिला' असा होता. तो कळेनासा झाला तेव्हा त्याला 'एस्ट' लागला आणि 'फोर्मेस्ट' झाला. पुढे त्यातल्या 'मेस्ट'ला लोक 'मोस्ट' समजले आणि शब्दाचं रूपच बदललं. एका शब्दावर तीन पिढ्यांनी तीनदा कळस चढवला.

प्रत्यय वापरानं झिजतो. रोजच्या वापरातल्या नाण्यावरचा छाप पुसट व्हावा तसा त्याचा अर्थ पुसट होतो. मग बोलणारा वरून दुसरा छाप मारतो. आणि हे पाहायला इंग्रजीपर्यंत जायची गरज नाही.

संस्कृतात तुलनेच्या दोन जोड्या. 'तर' आणि 'तम' आपल्याला ठाऊक आहेत: लघुतर, लघुतम. दुसरी जोडी 'ईयस्' आणि 'इष्ठ'. पाणिनीनं दोन्ही सांगितल्यात, दोघांत तुलना असेल तर पहिला प्रत्यय आणि अनेकांत असेल तर दुसरा. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे सगळे 'इष्ठ'चे. म्हणजे 'ज्येष्ठ'मध्येच 'सर्वांत मोठा' आहे आणि 'श्रेष्ठ'मध्येच 'सर्वांत प्रशंसनीय'. तरी आपण 'सर्वांत ज्येष्ठ' म्हणतो, 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो, 'सर्वश्रेष्ठ' तर सगळीकडे. 'उत्तम'मध्ये 'तम' डोळ्यांसमोर आहे, तरी 'सर्वोत्तम' आणि 'अत्युत्तम' लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. कुणी म्हणेल, ही मराठीनं केलेली मोडतोड. पण यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतम' आहे. 'श्रेष्ठ'मध्ये 'इष्ठ' असताना वर 'तम'. वैदिक ऋषींचं हे रूप आणि अँटनीचं रूप यांची घडण एकच.

आणि हा 'इष्ठ' कोण? इंग्रजी 'एस्ट'चा भाऊ. संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका पूर्वज भाषेतून आल्या तिच्यातला एकच प्रत्यय इकडे 'इष्ठ' झाला आणि तिकडे 'एस्ट'. 'स्वादु' आणि 'स्वीट' हेही एकाच मुळाचे. तेव्हा 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे शब्द मुळापासून प्रत्ययापर्यंत एकमेकांवर बसतात. आपण 'ठ'चा 'ट' केला, अर्थ 'चवदार' एवढ्यावर आणला आणि आता पाकिटांवर 'सर्वांत स्वादिष्ट' छापतो. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर होतं 'मोस्ट स्वीटेस्ट'.

आपल्या सरकारी इंग्रजीनं तर हे दुहेरी रूप थेट नेमणुकीच्या कागदात नेऊन बसवलंय. 'सीनियर' हा लॅटिनमधला तुलनेचा शब्द, 'अधिक वयस्कर' असा. त्यामुळे नियमानं 'मोअर सीनियर' नको आणि त्याच्यापुढे 'दॅन' नको, 'टू' हवं. 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' यांचंही तेच. पण भारतीय कचेऱ्यांत 'सीनियरमोस्ट' हा शब्द रुळलेला आहे. भारताच्या सरन्यायाधीशांच्या नेमणुकीची जी कार्यपद्धती लेखी आहे तिच्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या 'सीनियरमोस्ट' न्यायाधीशाचा उल्लेख आहे. तुलनेच्या शब्दाला वर 'मोस्ट'. 'मोस्ट फास्टेस्ट'ला हसणारा अधिकारी हा शब्द दिवसातून चारदा सही करून पुढे पाठवत असेल. मी त्याला चूक म्हणणार नाही. इतक्या जणांनी इतकी वर्षं वापरलेला शब्द, त्याचा अर्थ कुणालाच चुकत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या इंग्रजीत आणि आफ्रिकन-अमेरिकन बोलीत दुहेरी तुलना आजही जिवंत आहे. तिथे ती घसरण मानायचं कारण नाही, बोलीचा तो स्वतःचा नियम आहे. स्पाइक ली या दिग्दर्शकानं १९९० मध्ये आपल्या जॅझवरच्या चित्रपटाचं नाव 'मो बेटर ब्लूज' ठेवलं, ते त्या बोलीच्या ऐटीतच. मैत्रिणीच्या वाढदिवसाला 'बेस्टेस्ट फ्रेंड' लिहिणारी कॉलेजकन्याही जाणून लिहिते. अर्जात ती तसं लिहीत नाही, यावरून ते ओळखावं.

तर वहिनींचा मजकूर. 'मोअर टेस्टिअर' आणि 'मोअर चीपर' यातले 'मोअर' काढले. 'मोस्ट फ्रेशेस्ट'चं 'द फ्रेशेस्ट' केलं. अशा रूपाआधी 'द' बहुधा लागतो आणि 'मोस्ट' घुसला की तो हमखास निसटतो. 'मच मोअर बेटर'मधला मधला गडी बाहेर काढला, 'मच' ठेवला. आणि राहिलं ते 'मोअर बिगर बॉक्सेस'.

इथे मी थांबलो. इंग्रजीत 'मोअर'चे दोन व्यवसाय आहेत. एक विशेषणाला 'अधिक' करण्याचा, दुसरा नामाची संख्या वाढवण्याचा. 'बिगर बॉक्सेस' म्हणजे मोठे डबे, आणि 'मोअर' त्या डब्यांची संख्या सांगत असेल तर 'आणखी मोठे डबे आणलेत, पूर्वीपेक्षा जास्त नग' असा अर्थ होतो आणि वाक्य निर्दोष ठरतं. 'वी नीड मोअर बेटर टीचर्स' हेही असंच. चांगल्या शिक्षकांची संख्या वाढायला हवी असेल तर त्यात काहीच चूक नाही. 'मोस्ट ओल्डर पीपल' म्हणजे वयस्कर माणसांपैकी बहुतेक, तेही बरोबर. पारखायची युक्ती सोपी आहे. 'मोअर'च्या जागी संख्येचा एखादा शब्द, समजा 'मेनी' किंवा 'टेन', घालून पाहायचा. 'टेन बिगर बॉक्सेस' चालतं, म्हणजे 'मोअर'ला तिथे डबे मोजायची जागा आहे. 'अवर मोदक्स आर टेन टेस्टिअर' चालत नाही, तिथे मोजायला काहीच नाही, तो 'मोअर' निव्वळ उपरा. पण जागा आहे म्हणजे तोच अर्थ आहे, असं मात्र नाही. ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आणखी एक जागा फसवी आहे, ती आखूड शब्दांची. एकाच माणसाच्या दोन भावना तोलायच्या असतील तर 'शी वॉज मोअर सॅड दॅन अँग्री' असंच लिहितात: ती रागावण्यापेक्षा दुःखी झाली होती. नियमाच्या धाकानं कुणी तिथे 'सॅडर' केलं तर वाक्य बिघडतं, कारण ती दुसऱ्या कुणापेक्षा जास्त दुःखी होती असं म्हणायचंच नाहीये. इथे 'मोअर' दोन शब्दांमध्ये निवड करतोय, मोजमाप नाही.

वहिनींना विचारलं, "मोठे डबे म्हणजे, नग जास्त आणलेत की गेल्या वर्षीपेक्षा मोठ्या मापाचे?"

"अकराचा होता, आता एकवीसचाही केलाय. तेवढंच."

म्हणजे मापाचाच प्रश्न होता. 'मोअर' गेला. "बिगर बॉक्सेस ऑल्सो अव्हेलेबल" एवढं उरलं. त्यांनी वाचून पाहिलं, जरा हिरमुसल्या. "सगळं खरं, पण आता पहिल्यासारखा जोर वाटत नाही हो." खोटं नव्हतं ते. पहिल्या वाक्यात 'टेस्टिअर'आधी 'मच' घालून दिला, तेव्हा चेहरा खुलला.

मग त्यांनी खाली मराठीत एक ओळ जोडली आणि फोन माझ्यापुढे धरला: 'आमच्याकडे सगळ्यात स्वादिष्ट उकडीचे मोदक मिळतील.'

मी म्हणालो, "यात काही नाही. पाठवा."